दोन संस्थापक, निम्मा-निम्मा हिस्सा आणि अडलेला करार

प्रश्न: मी आणि माझ्या मित्राने रत्नागिरीत ताजी मासळी थेट घरपोच देणारी कंपनी काढली. १०,००० शेअर, दोघांचे ५,०००-५,०००. पहाटे मिरकरवाड्याला लिलावात मी असतो, १४ महिने पूर्णवेळ हेच करतोय. अ‍ॅप त्याने बनवलं, ६ लाख त्याने घातले, मी २ लाख. पण तो अजून पुण्यात नोकरी करतो. मी ७०-३० मागतोय, तो म्हणतो पैसे आणि कल्पना माझी, ५०-५० च राहील. शिवाय दोघांनाही सीईओ व्हायचंय. काय करावं?

उत्तर:

सध्या तुम्ही दोघंही एकाच टक्केवारीत तीन वेगळे हिशोब कोंबताय: घातलेले पैसे, आजवर केलेलं काम आणि पुढे करायचं काम. म्हणून आकडा जुळत नाही. बंदरावर वाटे कसे पडतात ते तुम्ही रोज बघता. आधी डिझेल-बर्फाचा खर्च बाजूला काढतात, मग होडीचा वाटा, जाळ्यांचा वाटा आणि माणसांचे वाटे वेगवेगळे निघतात. होडी माझी आहे म्हणून मालक खलाशाचाही वाटा मागत नाही. कंपनीतही तोच क्रम धरा आणि टक्क्यांचा विषय शेवटी काढा.

आधी पैसे. भागभांडवल १ लाखाचं असेल, म्हणजे प्रत्येकी ५०,०००, तर उरलेले त्याचे साडेपाच लाख आणि तुमचे दीड लाख हे तुम्ही कंपनीला दिलेलं कर्ज आहे. सीएकडून आधी तपासून घ्या की वहीत ते तसंच दिसतंय. संचालकाने खासगी कंपनीला दिलेलं कर्ज ‘ठेव’ धरलं जात नाही, पण त्यासाठी ही रक्कम मी दुसऱ्याकडून उसनी घेऊन दिलेली नाही, असं त्याने लिहून द्यावं लागतं. मग संचालक मंडळाचा ठराव करा, व्याज ठरवा आणि परतफेडीची अट लिहा. उदाहरणार्थ, खात्यात तीन महिन्यांच्या खर्चाइतकी रक्कम शिल्लक राहू लागली की त्यावरच्या पैशातून दोघांना ११:३ या प्रमाणात परत. एवढं कागदावर आलं की ‘पैसे माझे’ या मुद्द्याला न्याय मिळतो आणि तो हिश्श्याच्या चर्चेतून बाहेर पडतो.

आता झालेलं काम. प्रत्येकाने तेच काम बाहेर केलं असतं तर किती पगार मिळाला असता, त्यातून कंपनीकडून घेतलेली रक्कम वजा करा. समजा तुमचं काम महिना ३०,००० चं आणि तुम्ही खर्चापुरते ८,००० घेतलेत. फरक २२,०००, चौदा महिन्यांचे ३,०८,०००. मित्राचा बाजारभाव ८०,००० धरा, पण तो संध्याकाळी आणि रविवारी, म्हणजे साधारण पाव वेळ काम करत होता. महिना २०,०००, चौदा महिन्यांचे २,८०,०००, आणि त्याने काहीच घेतलेलं नाही. आकडे तुमचे स्वतःचे घाला, पण बहुतेक वेळा असंच दिसतं की मागचं काम जवळजवळ बरोबरीचं आहे. पूर्णवेळ राबणाऱ्याला हे पटकन पटत नाही, कारण त्याची दमछाक डोळ्यांना दिसते आणि रात्री लिहिलेला कोड दिसत नाही. म्हणून हा हिशोब दोघांनी वेगवेगळा लिहून मग एकमेकांसमोर ठेवावा.

मागच्या कामाला एकूण हिश्श्यापैकी २० टक्के द्या, १०-१०. कल्पनेचा मोबदलाही यातच आला. तिच्यासाठी वेगळा वाटा ठेवू नये असं माझं स्पष्ट मत आहे, कारण मासळी घरपोच देण्याची कल्पना अनेकांकडे असते, रोज बर्फात भरून वेळेवर पोहोचवणं थोड्यांना जमतं. उरलेले ८० टक्के पुढच्या चार वर्षांच्या कामाचे. तुमचं भांडण खरं तर या ८० टक्क्यांचं आहे, आणि त्याचं उत्तर एकाच गोष्टीवर ठरतं: तो नोकरी सोडणार का, आणि कधी.

म्हणून एक आकडा ठरवू नका, दोन ठरवा आणि मध्ये तारीख ठेवा. त्याचा नोटिसीचा काळ धरून, समजा १ ऑक्टोबर. तोवर तो पूर्णवेळ आला तर ४०-४०, म्हणजे एकूण ५०-५० कायम. नाही आला तर वरच्याच पगारांच्या प्रमाणात, ३:२ ने, ८० चे ४८ आणि ३२ होतात. एकूण ५८-४२. पण त्याला दुसरीकडे पगार चालू आहे आणि नौका उशिरा लागली तर धावपळ तुमचीच होणार आहे, म्हणून तुम्ही आणखी काही मागणं रास्त आहे. मी ६५-३५ सुचवेन. वरचे ७ टक्के गणितातून येत नाहीत, ते वाटाघाटीचे आहेत, आणि तसं मोकळेपणाने म्हटलेलं बरं.

७०-३० साठी अडून बसण्याआधी टक्क्यांनी प्रत्यक्षात काय मिळतं ते बघा. कंपनी कायद्यात साधा ठराव निम्म्याहून जास्त मतांनी होतो, आणि संचालकाला पदावरून काढणं साध्या ठरावाने होतं (आधी खास नोटीस आणि त्याला बाजू मांडायची संधी देऊन). विशेष ठरावाला बाजूने पडलेली मतं विरोधातल्या मतांच्या किमान तिप्पट लागतात. कंपनीची नियमावली बदलणं किंवा बाहेरच्या गुंतवणूकदाराला नवे शेअर देणं यासाठी तो हवा. म्हणजे ६५ असो की ७०, तुमच्या हातात येणारी सत्ता सारखीच. त्याच्याकडे ३० असो की ३५, विशेष ठराव तो अडवू शकतो. ५०-५० मात्र या सगळ्यांपेक्षा वेगळं आहे, तिथे साधा ठरावही अडतो. सत्ता सारखीच राहणार असेल तर वरच्या पाच टक्क्यांसाठी मैत्री पणाला लावण्यात मला अर्थ दिसत नाही.

आता तुमच्या करारातलं सगळ्यात महत्त्वाचं कलम. शेअर तुमच्या नावावर आधीच आहेत, म्हणून उलट्या बाजूने अट घालायची: पुढच्या कामाचे शेअर महिन्यागणिक ‘पक्के’ होतील, मुदत ४८ महिने, पहिल्या १२ महिन्यांत कोणी गेला तर त्यातलं काहीच पक्कं नाही. ५०-५० च्या स्थितीत प्रत्येकाचे १,००० शेअर मागच्या कामाचे, ते आजच पक्के. उरलेले ४,०००. वर्ष पुरं झालं की त्यातले १,००० एकदम पक्के, पुढे दरमहा साधारण ८३. कोणी अठराव्या महिन्यात सोडून गेला तर त्याचे १,००० अधिक १,५००, म्हणजे २,५०० राहतील. बाकीचे २,५०० दुसऱ्याने दर्शनी किमतीला, १० रुपये प्रमाणे २५,००० ला घ्यायचे. अट दोघांना सारखी. आजारपणामुळे किंवा मृत्यूमुळे थांबावं लागलं तर पक्क्या न झालेल्यांपैकी काही भाग कुटुंबाला मिळेल, असंही लिहा.

हे फक्त आपापसातल्या करारात ठेवून भागत नाही. शेअर हस्तांतरावरची जी बंधनं कंपनीच्या नियमावलीत नाहीत ती कंपनीवर लागू होत नाहीत, असा सर्वोच्च न्यायालयाचा १९९१ चा निकाल आहे. त्यामुळे विशेष ठरावाने नियमावली बदला आणि ३० दिवसांत कंपनी निबंधकाकडे एमजीटी-१४ हा फॉर्म भरा. आज दोघं बोलताय तोवर हा ठराव होतो. उद्या बिनसलं तर तुमच्यापैकी कोणीही तो अडवू शकेल.

६५-३५ झालं तर त्याचे १,५०० शेअर तुमच्याकडे येतील. कागदी शेअर असतील तर एसएच-४ हा शेअर हस्तांतराचा फॉर्म भरून, ०.०१५ टक्के मुद्रांक लावून, सही झाल्यापासून ६० दिवसांत कंपनीकडे द्यायचा. इथे कराची एक मेख आहे. वाजवी मूल्यापेक्षा स्वस्त शेअर घेतले आणि फरक ५०,००० च्या वर गेला तर तो तुमचं उत्पन्न धरला जातो. शेअरचं मूल्य ३० रुपये निघालं आणि तुम्ही १० ला घेतलेत तर फरक ३०,०००, मर्यादेत. मूल्य ८० निघालं तर फरक १,०५,०००, आणि कर लागेल. विकणाऱ्यालाही वाजवी मूल्य धरून भांडवली नफ्याचा हिशोब लागू शकतो. म्हणून धंदा लहान असतानाच आणि सीएकडून मूल्य काढून घेऊनच हे उरका.

भूमिकांबद्दल: ‘सीईओ कोण’ हा प्रश्न आठवडाभर बाजूला ठेवा आणि गेल्या दोन महिन्यांत कशाकशावरून वाजलं ते लिहून काढा. तुमच्या धंद्यात बहुधा हे निघेल: अ‍ॅपवर रात्रीच सुरमई ‘उपलब्ध’ दिसते, ऑर्डरी येतात, पहाटे लिलावात भाव चढतो किंवा मालच कमी येतो, आणि पैसे परत करावे लागतात. ही चूक कोणाची यावर वाद होतो, कारण हा निर्णय कोणाचा हे ठरलेलंच नाही. ठरवा: कोणती मासळी, किती किलो, कमाल खरेदीभाव किती हे बंदरावरचा माणूस ठरवेल. ऑर्डर किती वाजता बंद करायची आणि माल कमी पडला तर कोणाला आधी द्यायचा हे अ‍ॅपवाला ठरवेल. दुसऱ्याने मत द्यावं, पण शेवटचा शब्द एकाचाच. आणि काही गोष्टी दोघांच्या सहीशिवाय होणार नाहीत: नवे शेअर, नवं कर्ज, स्वतःचा पगार, एका ठरलेल्या रकमेवरचा कोणताही खर्च. ही यादी दहा ओळींहून मोठी होऊ देऊ नका, नाहीतर रोजच दोघांची सही लागेल. एवढं झाल्यावर सीईओपद बँक आणि गुंतवणूकदारांशी बोलणाऱ्याला, आणि माझ्या मते पूर्णवेळ असणाऱ्याला द्या.

५०-५० राहिलं तर कोंडी फोडायचं कलम हवंच: एकाने प्रति शेअर भाव सांगायचा, दुसऱ्याने त्याच भावाने विकत घ्यायचं की विकायचं ते ठरवायचं. भाव आपोआप प्रामाणिक राहतो. पण ज्याच्याकडे पगाराची शिल्लक आहे त्याला हे कलम सोयीचं पडतं, म्हणून पैसे द्यायला ९० दिवस आणि हप्त्यांची मुभा लिहून घ्या. ‘सोडून गेलेल्याने तीन वर्षं कोकणात मासळीचा धंदा करायचा नाही’ असलं कलम मात्र घालू नका. नोकरी किंवा काम सुटल्यावरच्या अशा बंदीवर भारतीय करार कायद्याच्या कलम २७ पुढे भरवसा ठेवता येत नाही. त्याऐवजी ग्राहकांची यादी आणि पुरवठादारांचे दर बाहेर न नेण्याची अट घाला.

एक गोष्ट बहुतेकांकडून राहते आणि तुमच्या बाबतीत ती मोठी आहे. अ‍ॅपचा कोड कंपनीचा आहे का? त्याने तो नोकरी करत असताना लिहिलाय, त्यामुळे आधी त्याचं नियुक्तीपत्र वाचा. बाहेरच्या कामावर बंदी किंवा सगळ्या कोडवर मालकाचा हक्क असं काही असेल तर वकिलाला दाखवा. नंतर त्याने कंपनीच्या नावे लेखी हक्कहस्तांतर करून द्यावं, आणि त्यात मुदत आणि प्रदेश स्पष्ट लिहा. मुदत लिहिली नाही तर कॉपीराइट कायदा ती पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. त्याच दिवशी डोमेन, प्ले स्टोअरचं खातं आणि ऑर्डर घेण्याचा व्हॉट्सअ‍ॅप क्रमांकही कंपनीच्या नावावर करा. तो क्रमांक तुमच्या नावावर असेल तर तुम्हीही.

वेळेचं म्हणाल तर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, लिलावाची घाई नसते. त्या ६१ दिवसांत हिशोब, सीए, वकील, ठराव, सगळं बसतं. १ ऑगस्टला नौका बाहेर पडल्या की तुम्हा दोघांना पहाटे चारपासून वेळ मिळणार नाही, म्हणून सह्यांची तारीख जुलैच्या तिसऱ्या आठवड्यातली ठेवा.