पास घ्यावा की पिशवी?

"जुळे सोलापुरात राहतो. घरचा किराणा ॲपवरून मागवतो, महिन्याला अकरा-बारा ऑर्डरी होतात. फुकट डिलिव्हरीचा तीन महिन्यांचा पास १९९ रुपयांना मिळतोय. घ्यावा का? कालच्या बिलाचा स्क्रीनशॉट जोडलाय."

पासाआधी स्क्रीनशॉटकडे बघू. दूध, ब्रेड, कोथिंबीर, साबण मिळून माल २१२ रुपयांचा आणि तुम्ही भरलेत ३०२. वरचे नव्वद कुठे गेले?

'शुल्क आणि कर : ६७' अशी एकच ओळ दिसते. तिच्या शेजारच्या बारीक बाणावर बोट ठेवलं की ती उघडते: डिलिव्हरी २५, लहान ऑर्डरचं शुल्क २०, हँडलिंग १२ आणि या तिन्हींवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे दहा. खाली टीप २० आणि देणगी ३. या दोन तुम्ही काल मुद्दाम निवडल्यात का? बऱ्याचदा मागच्या वेळची टीप तशीच चिकटून येते आणि देणगीची खूण आधीच केलेली असते. न विचारता असं काही बिलात घुसवायला केंद्र सरकारच्या ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत मनाई आहे. खूण काढा, निघत नसेल तर स्क्रीनशॉट ठेवून १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन करा.

आता पास. तो फक्त डिलिव्हरीचे २५ आणि त्यावरचा कर, म्हणजे तीसेक रुपये वाचवतो. उरलेल्या साठांना तो हातही लावत नाही. ऑर्डरमागे साठ, महिन्याला सहा-सातशे, वर्षाला आठ हजार! शिवाय पासाच्या अटी उघडा. किमान बिल २९९ असेल, तर २१२ च्या ऑर्डरला पास लागूच होणार नाही. बहुतेक पास मुदत संपली की आपोआप पैसे कापून पुढे चालू राहतात, तेही तिथेच लिहिलेलं असतं. 'फुकट' शब्द ठळक, अटी मात्र मुंगीएवढ्या अक्षरांत. मला याचा मनस्वी कंटाळा आलाय.

तुमचं दुखणं डिलिव्हरीचं नाहीच. कोथिंबिरीच्या जुडीसाठी वेगळी ऑर्डर टाकता, ते आहे. आठवड्याची यादी करून एकदाच मागवा. बिल पाच-सहाशेवर गेलं की लहान ऑर्डरचं शुल्क जातं, डिलिव्हरीही बहुधा माफ होते. महिन्याला चार ऑर्डरी, प्रत्येकी हँडलिंगचे करासह चौदा, म्हणजे साठच्या आत. मग पास कशाला? दूध-कोथिंबीर कोपऱ्यावरून आणा, पिशवी घेऊन.

एक सवय मात्र लावा. पत्ता आणि पैसे भरण्याची पद्धत निवडून झाल्यावरच शेवटची रक्कम वाचा, कारण घरी रोख देण्याचं शुल्क काही ठिकाणी तेव्हाच उगवतं. त्या रकमेतून मालाची किंमत वजा करा. बाकी राहील ती सगळी शुल्कं. आकडा मालाच्या दहा टक्क्यांवर गेला, तर पैसे भरायचं बटण दाबू नका, बाण उघडा.