घड्याळाच्या चामडी पट्ट्यावरील बुरशी

प्रश्न: दमट हवेत घड्याळाच्या चामडी पट्ट्यावर बुरशी येते आणि तो कडकही होतो. काय करावे?

पट्टा काढल्यावर त्याची आतली बाजू कोरड्या कापडाने पुसून तो रात्रभर वाहत्या हवेत सावलीत उघडा ठेवावा आणि पूर्ण वाळल्यावरच डबीत बंद करावा. सापेक्ष आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांच्या वर टिकून राहिली की चामड्यात मुरलेल्या घामावर आणि त्वचेच्या तेलावर बुरशी पोसली जाते. शिवाय घामातले क्षार मागे राहतात आणि ओला पट्टा उन्हात किंवा हेअर ड्रायरने झटपट वाळवला तर तंतू एकमेकांना चिकटून तो ताठ होतो. म्हणून एकच पट्टा रोज वापरू नये, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. साठवणीच्या हवाबंद डबीत सिलिका जेलची पुडी ठेवावी आणि रंग बदलणारे दाणे असल्यास रंग पालटताच ती बदलावी.

बुरशी आलीच, तर ती घराबाहेर मऊ ब्रशने झाडून, आयसोप्रोपिल अल्कोहोल व पाणी समप्रमाणात मिसळून त्यात किंचित ओलावलेल्या कापडाने पुसावी. रंग उतरतो का, हे आधी आतल्या कोपऱ्यावर पाहावे. पट्टा वाळल्यावर लेदर कंडिशनरचा अगदी पातळ थर पुरतो. स्वयंपाकाचे तेल मात्र लावू नये, कारण ते खवट होते. पांढरा थर किंचित ऊब देताच विरघळला, तर ती बुरशी नसून चामड्यातून वर आलेली चरबी असते. स्वेडला मात्र ही ओली पद्धत वापरू नये, आणि तडा गेलेला पट्टा कंडिशनरने सांधत नाही.