जीएसटीची नोटीस: आधी फरकाची फोड करा

प्रश्न: पोर्टलवर DRC-01 आली आहे. वर्ष २०२२-२३, कलम ७३. GSTR-2B पेक्षा जास्त आयटीसी घेतलं असं म्हणतात. उत्तर कसं लिहू?

DRC-01 हा फक्त गोषवारा असतो. खरी नोटीस सोबत जोडलेल्या पीडीएफमध्ये असते, ती उघडा. उत्तराची मुदत आणि सुनावणीची तारीख आधी लिहून ठेवा. नोटिशीची तारीखही पाहा: तुमच्या वर्षासाठी कलम ७३ चा आदेश ३१ डिसेंबर २०२६ पर्यंतच निघू शकतो आणि नोटीस त्याच्या किमान ३ महिने आधी यावी लागते.

मग अधिकाऱ्याने फरकाचा आकडा कुठून काढला ते शोधा. बहुतेक वेळा घोळ तिथेच असतो. माझ्याकडच्या एका हार्डवेअर व्यापाऱ्याला अशीच १,८४,००० रुपयांची नोटीस आली होती. GSTR-3B रिटर्नमध्ये घेतलेलं सगळं आयटीसी, म्हणजे खरेदीवरच्या कराचं क्रेडिट, एका बाजूला आणि पोर्टल पुरवठादारांच्या रिटर्नवरून बनवतं त्या 2B यादीतली फक्त नोंदणीकृत पुरवठादारांची बिलं दुसऱ्या बाजूला, अशी ती तुलना होती. आम्ही फोड केली. ९२,००० हे आयात मालावर कस्टममध्ये भरलेलं आयजीएसटी निघालं. ३६,००० नोंदणी नसलेल्या ट्रकवाल्यांच्या भाड्यावर आरसीएमने, म्हणजे पुरवठादाराऐवजी सेवा घेणाऱ्याने कर भरायच्या पद्धतीने, आम्हीच भरलेला कर. तो पुरवठादाराच्या रिटर्नमधून 2B मध्ये येणारच नाही. ४१,००० आदल्या वर्षीच्या बिलांचे, नोव्हेंबर २०२२ च्या मुदतीआधी घेतलेले. उरलेले १५,००० मात्र खरंच चुकीचे होते, कारण पुरवठादाराने ती बिलं दाखवलीच नव्हती आणि १ जानेवारी २०२२ पासून बिल 2B मध्ये नसेल तर क्रेडिट मिळत नाही.

ते १५,००० आम्ही व्याजासह DRC-03 या स्वतःहून कर भरायच्या फॉर्मने भरले, नोटिशीपासून ३० दिवसांच्या आत, आणि त्या रकमेवर दंड लावू नये असं उत्तरात मागितलं. चुकलेली रक्कम ओढूनताणून बरोबर ठरवायला गेलात, तर उरलेल्या १,६९,००० वरचा विश्वासही जातो.

उत्तर पोर्टलवरच्या DRC-06 फॉर्ममध्ये भरायचं. नोटिशीतल्या परिच्छेदांच्याच क्रमाने लिहा. प्रत्येक रकमेला एक ओळ, तिचं कारण आणि पुराव्याचा क्रमांक: बिल ऑफ एंट्री, आरसीएम भरल्याचा तक्ता, त्या महिन्याची 2B. फरकाचा जुळवणी तक्ता पहिल्या पानावरच असू द्या, अधिकारी तोच वाचतो. ‘आम्ही प्रामाणिक व्यापारी आहोत’, ‘कोविडमुळे हाल झाले’ अशी पानं लिहून एकाने माझ्याकडे आणली होती. त्यात एकही आकडा नव्हता.

वैयक्तिक सुनावणीच्या पर्यायात Yes निवडा. शेवटी एक वाक्य टाका: कलम ७५(७) प्रमाणे आदेश नोटिशीतली रक्कम आणि कारणं यापलीकडे जाऊ शकत नाही. पुढे अपिलात जायची वेळ आली, तर हे वाक्य कामी येतं.