उजवा हात कुठल्या भिंतीला?

“जोतं झालंय, पुढच्या आठवड्यात विटा लागतील. आईची खोली खालीच ठेवली आहे, पण मागच्या महिन्यात ती पडली तेव्हापासून तो नकाशा बघवत नाही. तिला विचारलं तर म्हणते, ‘तुम्ही कराल ते.’ आर्किटेक्टना आधीच दोनदा बदल सांगितलेत. आता तिसऱ्यांदा काय आणि कसं लिहू?”

इंदूरच्या लोकमान्य नगर, सुदामा नगर इथली जुनी घरं पाडून नवी बांधणाऱ्यांकडून हे मी इतक्यांदा ऐकलंय की एकदा सविस्तर लिहावं म्हटलं. खाली लिहिलेलं कुटुंब एकच नाही. तीन-चार घरांचे तपशील मिसळलेत आणि ओळख पटू नये इतके बदललेतही.

मुलगा पहिल्या भेटीत पत्राचा कच्चा मसुदा घेऊनच आला होता. त्यात होतं, “आईच्या वयाचा विचार करून बाथरूम सीनियर सिटिझन फ्रेंडली करावं.” अशा पत्राचं काय होतं ते मला पाठ आहे. आर्किटेक्ट खरखरीत टाइल लिहितो, स्टीलचा एक दांडा काढतो आणि नकाशा परत पाठवतो. त्याचं चुकत नाही. विशेषणावरून भिंत हलवता येत नाही, मापावरून येते.

मी विचारलं, “आई रात्री उठल्या की पहिला हात कशाला लावतात?”

मुलानं सुनेकडे पाहिलं, सुनेनं त्याच्याकडे.

पुढच्या भेटीला काकू आल्या. माझा एक नियम आहे: ज्या माणसाविषयी बोलायचं तो समोर असेल, तर त्याच्याबद्दल ‘ती’, ‘तिला’ असं बोलायचं नाही. कुटुंबात कोण कोणाच्या वतीनं बोलतं, हे मी आधी बघते. इथे मुलगा आईच्या वतीनं बोलत होता, सून मुलाच्या वतीनं आणि काकू कोणाच्याच वतीनं नाही. स्वतःच्याही नाही. “काकू, काय हवं?” असं विचारलं की “काही नको गं” हेच उत्तर येतं, कारण हवं-नको सांगणं म्हणजे जमत नाही ते कबूल करणं. म्हणून मी ते विचारणं सोडून दिलं.

त्याऐवजी नकाशातलं बाथरूम खऱ्या मापात फरशीवर खडूनं काढलं. आत ४ फूट बाय ७ फूट, लांब भिंतीत अडीच फुटांचं दार, आत शिरल्यावर उजव्या टोकाला कमोड, डाव्या टोकाला आंघोळ. कमोडच्या जागी खुर्ची ठेवली, दाराच्या दोन बाजूंना दोन स्टुलं.

“काकू, रात्री उठता तशा या.”

वॉकर स्टुलांमध्ये अडकला. तो बाहेरून बाहेर २४ इंच. नकाशातलं अडीच फूट म्हणजे भिंतीतलं भोक. चौकट दोन्हीकडून अडीच-अडीच इंच खाते, उघडा पल्ला आणखी इंचभर, म्हणजे राहतात जेमतेम २४. शिवाय वॉकर धरलेल्या बोटांचे सांधे बाहेर येतात, ते वेगळेच. हे मुलाला तिथल्या तिथे कळलं. स्टूल सरकवलं. काकू आत आल्या, वळल्या, खुर्चीच्या डाव्या बाजूची भिंत तिथे आहे असं धरून टेकायला गेल्या आणि त्यांचा उजवा हात छातीवरून आडवा डावीकडे गेला.

खोलीत कोणी बोललं नाही. मीही नाही, आणि इतक्या वर्षांत मला जमलेली एक गोष्ट असेल तर ती हीच.

“आई, डावा हात?” मुलगा शेवटी म्हणाला.

“वर जात नाही. भारही घेत नाही.”

“कधीपासून?”

“संक्रांतीपासून.”

“सांगितलं नाहीस.”

“तुझं घराचं चाललं होतं.”

पत्र अडलं होतं ते इथे. आर्किटेक्टच्या रागाचा प्रश्न नव्हताच, लिहायला हातात काही नव्हतं. त्या एका हातानं नकाशा आरशात पाहिल्यासारखा उलटा झाला. माणूस कमोडवर बसायला पाठ फिरवतो, म्हणून आत शिरताना जी भिंत डावीकडे असते ती बसल्यावर उजवीकडे येते. काकूंना आधार उजव्या हाताला हवा, म्हणजे कमोड डाव्या टोकाला हवा. नकाशात तो बरोबर उलट्या टोकाला होता. तिथे कितीही महागडा दांडा लावला असता तरी तो दुखऱ्या हातालाच आला असता. मग पडता पडता उजवा हात जे समोर दिसेल ते धरतो. बहुतेक घरांत तो टॉवेलचा रॉड असतो, आणि तो माणसाच्या वजनानं उपटून येतो.

पण खांदा आज आखडलाय म्हणून कायमचं बाथरूम फिरवायचं नाही. आधी डॉक्टरांना दाखवायला पाठवलं. हालचाल थोडी परत येईल पण भार घेण्याइतकी नाही, असं ते म्हणाले. खांदा पूर्ण सुटणार असता तर कमोडची जागा न बदलता मोकळ्या बाजूला घडीचा दांडा लावून भागलं असतं.

घरी तिघांनी मिळून काकूंच्या तीन गोष्टी मोजल्या: गुडघ्यामागच्या खोबणीपासून जमिनीपर्यंतचं अंतर, वॉकरची रुंदी आणि पलंगावरून त्या कुठल्या कुशीवर वळून उठतात. पहिलं माप साडेसोळा इंच भरलं. वयस्करांसाठी उंच कमोड घ्या असं सगळेच सांगतात, पण काकू बुटक्या. १९ इंचांवर बसवलं तर पाय अधांतरी राहतात, आणि टाच टेकली नाही तर उठताना जोर कुठून आणणार?

मग मुलानं लिहिलेलं पत्र असं होतं:

“सप्रेम नमस्कार. विटा लागण्याआधी आईच्या खोलीत तिसरा आणि शेवटचा बदल सुचवतो आहे. बाहेरच्या भिंती, कॉलम आणि मोकळी सोडलेली जागा यांना हात लागू नये अशी इच्छा आहे. कुठे लागत असेल तर आधी कळवा. नव्या ड्रॉइंगची फी किती, तेही कळवा.

आई ७६ वर्षांची, वॉकर वापरते. डावा हात खांद्याच्या वर जात नाही आणि भार घेत नाही. रात्री दोनदा उठते. पलंगावरून उजव्या कुशीवर वळून उठते, म्हणून पलंगाची उजवी बाजू बाथरूमकडे आणि ३ फूट मोकळी हवी. उशीवरून उजवा हात पोचेल असा टू-वे स्विच हवा, दुसरा बाथरूमच्या दाराशी.

बाथरूम ४ बाय ७ ऐवजी ५ बाय ८ हवं, प्लास्टर आणि टाइल लागल्यानंतरचं माप. एक फूट खोलीतून घ्या, एक फूट जिन्याखालच्या कोठीतून. सध्याच्या ४ फुटांतले २७ इंच कमोडने घेतल्यावर समोर २१ उरतात, त्यात वॉकरसह वळता येत नाही.

कमोड आत शिरताना डाव्या टोकाला, त्याचा मध्य बाजूच्या भिंतीपासून १८ इंचांवर. त्याहून लांब गेला तर भिंतीवरच्या दांड्यावर जोर देता येत नाही. बसायची उंची सीटसकट १७ इंच. भिंतीवर टांगायचा कमोड घेतला तर ही उंची आपल्याला ठरवता येईल, म्हणून फ्रेम टाइलच्या आधी बसवावी लागेल. आंघोळ उजव्या टोकाला.

डावीकडची भिंत भरीव विटांची हवी, हलक्या ब्लॉकची नको, नाहीतर दांड्याचे बोल्ट सैल होतील. दांड्याची उंची आत्ता काढू नका. भिंत झाल्यावर आईला बसवून ठरवू.

दार चौकट बसल्यावर ३ फूट मोकळं, म्हणजे भिंतीत साडेतीन फूट. पल्ला खोलीच्या बाजूला उघडणारा. आत कोणी पडलं आणि पल्ला आत उघडणारा असला, तर पडलेलं माणूसच दार अडवतं. कडी बाहेरून नाण्यानं फिरवून उघडणारी.

दारात उंबरठा नको आणि फरशी इंच-दीड इंच खालीही नको. दार ते कमोड सपाट ठेवून उतार फक्त आंघोळीच्या टोकाला द्या, जाळी तिकडच्या भिंतीलगत.

शंका एकच आहे. कमोड फिरवल्यानं मैलापाण्याचा ४ इंची पाइप साधारण ५ फूट लांबेल. ४० ला १ उतार धरला तर तो दीड इंच खाली जाईल. बाहेरच्या चेंबरची खोली तेवढी पुरते का, ते प्रत्यक्ष मोजून सांगावं. पुरत नसेल तर भराव उचकटण्याआधी बोलू.”

यात दोन गोष्टी मी लिहायला लावल्या. पहिली ती शंका. घरमालक आर्किटेक्टला फक्त हुकूम देतो तेव्हा तो हुकूम पाळतो. अडचण विचारली की डोकं लावतो. दुसरी म्हणजे पत्राची शेवटची ओळ, जी वर दिली नाही: “बाथरूमच्या चारही भिंतींची उभी चित्रं आणि पाइपचं ड्रॉइंग नव्या तारखेचं द्यावं. साइटवरची जुनी प्रिंट मी स्वतः परत आणून देईन.” गवंडी हातात असलेल्या कागदावर काम करतो. जुना कागद सिमेंटच्या पोत्याखाली राहिला की नवं पत्र कोणाच्या कामाचं? बदल मान्य होऊनही जुन्याच मापात विटा चढलेल्या मी ऐकल्या आहेत, आणि घरात त्याचं खापर सुनेवर फुटलेलंही.

उत्तर चार दिवसांनी आलं. चेंबर दीड इंच झेलत होतं. कॉलममुळे ८ फुटांचे ७ फूट ९ इंच झाले. राग वगैरे काही नव्हता. उलट त्यांनी वॉकरची रुंदी परत मोजून मागवली आणि काकू चष्म्याशिवाय रात्री उठतात का ते विचारलं. उठतात. म्हणून पलंगापासून दारापर्यंत जमिनीलगत दोन छोटे दिवे वाढले.

डावी भिंत चार फूट चढली तेव्हा काकूंना साइटवर नेलं. १७ इंचांचं स्टूल नेमक्या जागी ठेवलं होतं. त्या बसल्या, उजवा हात भिंतीला लावला आणि उठून पाहिलं. गवंड्यानं हात होता तिथे गेरूची रेघ मारली. जमिनीपासून २४ इंच भरली.

काकू परत बसल्या, परत उठल्या आणि म्हणाल्या, “अजून बोटभर वर घे रे.”