तिघांत खोली, वाचलेलं भाडं आणि एसआयपी

प्रश्न : दादा, मी वणीला खासगी बँकेत आहे. हातात २८,००० येतात. एकट्यासाठी घेतलेल्या वन-बीएचकेचं भाडं ५,५०० आहे. ऑफिसातले दोघं म्हणतात, ९,००० चा टू-बीएचके तिघांत घेऊ. म्हणजे माझे महिन्याला २,५०० वाचतील. ते सगळेच एसआयपीत लावू का?

उत्तर : फ्लॅट घ्या, पण पहिल्याच महिन्यापासून २,५०० ची एसआयपी लावू नका. मी आर्वीला असताना हेच केलं होतं आणि सहाव्या महिन्यात तोंडघशी पडलो.

तिघांपैकी एक जण गेला, की उरलेल्या दोघांवर ४,५००-४,५०० येतात. तेव्हा तुमची बचत फक्त १,००० उरते. आणि माणूस जातो कधी? बदल्यांचा मोसम आपल्याकडे एप्रिल-मे. तेव्हाच नवा जोडीदार मिळत नाही, कारण नवीन पोट्टे येतात जून-जुलैत. वर त्याच महिन्यांत कुलरमुळे विजेचं बिल सर्वांत मोठं असतं. म्हणजे तिन्ही गोष्टी एकदमच अंगावर येतात.

म्हणून मी असं करीन. वाईटातल्या वाईट महिन्यातही जे वाचणार आहे, तेवढ्याचीच, म्हणजे १,००० ची, एसआयपी आत्ता सुरू करायची. एखादा साधा निफ्टी इंडेक्स फंड, डायरेक्ट प्लॅन, बस. उरलेले १,५०० वेगळ्या बचत खात्यात टाकत राहायचे. एक जण गेला तर दर महिन्याला १,५०० चाच खड्डा पडतो, म्हणून ४,५०० जमले की तीन महिने निभतात. हे तीन महिन्यांत जमतं. डिपॉझिटचे पैसे यातून काढू नका. दोन महिन्यांचं मागितलं तर तुमच्या वाट्याला ६,००० येतील, ते जुन्या घराचं डिपॉझिट परत आलं की त्यातून द्या. चौथ्या महिन्यापासून एसआयपी २,५०० करा. शेअर बाजाराची भीती वाटत असेल तर वरचे १,५०० पोस्टाच्या आरडीत टाका, पण ती पाच वर्षांची असते आणि तीन वर्षांच्या आत बंद करता येत नाही, हे आधी धरून चाला.

आता माझं काय बिघडलं ते सांगतो. घरमालकाला भाडं माझ्याच खात्यातून जायचं. बाकीचे दोघं मला "आज टाकतो, उद्या टाकतो" करत दहा तारखेला पाठवायचे. माझी एसआयपी होती ७ तारखेला. खात्यात पैसे नसल्यानं हप्ता परत गेला, बँकेनं दंड कापला, पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. मासिक एसआयपीचे सलग तीन हप्ते चुकले तर ती आपोआप रद्द होते. फंड कंपनी स्वतः दंड लावत नाही, तो आपली बँक लावते. आणि सगळा घोळ दुसऱ्याच्या उशिरामुळे! मग दोन बदल केले. प्रत्येकानं आपला वाटा थेट मालकाच्या खात्यात टाकायचा, आणि माझी एसआयपी पगाराच्या दुसऱ्याच दिवशी. करार करताना तिघांचीही नावं घाला, नाहीतर ज्याची सही त्याच्याच गळ्यात सगळं भाडं.

वाटणीबद्दल एक. टू-बीएचकेत एकाला स्वतंत्र खोली मिळते. ती घेणाऱ्यानं ३,६०० आणि बाकी दोघांनी २,७००-२,७०० द्यावेत, असं आम्ही ठरवलं आणि भांडण मिटलं. स्वतंत्र खोली तुम्हीच घेतली तर तुमची बचत १,९०० च होते, तेव्हा वरचा हिशेब पुन्हा मांडा.

विजेचंही बघा. भाडं तिसऱ्या हिश्श्यावर येतं, बिल येतच असं नाही. पहिल्या १०० युनिटांचा स्वस्त दर मीटरमागे एकदाच मिळतो, माणसामागे नाही. एकटे असताना ते १०० युनिट सगळे तुमचे होते, आता तिघांत वाटले जातात. २०० वॅटचा कुलर रोज १२ तास चालला तर महिन्याला ७२ युनिट, दोन खोल्यांचे दोन कुलर म्हणजे १४४. त्यात फ्रिज, पंखे, पाण्याची मोटर. उन्हाळ्यात मीटर ३०० च्या वर गेला, की त्यापुढच्या युनिटांचा दर आणखी चढतो. म्हणून मार्च ते जून बिलात काही वाचेल असं धरूच नका. (कुलरची टाकी कोणी भरायची, हे मात्र लेखी ठरवा. आमच्याकडे याच्यावरून महिनाभर अबोला होता.)

डबा-मेस तुमची आत्ता आहे तशीच राहील, तिथे काही वाचत नाही. गॅस आणि वायफाय तिघांत वाटून जे चार-पाचशे सुटतील ते गावी जायच्या एसटीला ठेवा, एसआयपीत मोजू नका.