विषय बदलला तरी चालेल असे नाव

प्रश्न : मी एकटाच एक छोटा पॉडकास्ट आणि त्याचा व्हिडिओ चॅनल सुरू करतोय. सध्या विषय एकच आहे, पण पुढे बदलू शकतो. नावात विषय घालावा का?

घालू नये. घालायचाच असेल तर तो नावाच्या अशा भागात घालावा, जो नंतर कुणाच्याही लक्षात न येता काढून टाकता येईल.

माझा पॉडकास्ट शाईच्या पेनांच्या दुरुस्तीवर सुरू झाला आणि त्याचे नाव मी ‘हातासरशी’ ठेवले. आमचे मेहुणे जाहिरातीच्या व्यवसायात आहेत. त्यांचे म्हणणे असे की, नावात ‘पेन’ नसेल तर शोधणाऱ्याला आपण सापडणार कसे? पॉडकास्टच्या बाबतीत मी ऐकले नाही, पण व्हिडिओ चॅनल त्यांनीच हौसेने उघडून दिला आणि त्याला ‘पेनदुरुस्ती’ हे नाव दिले. चॅनलच्या पत्त्यात @ नंतर येणारे नाव, म्हणजे हँडल, तेच, बोधचिन्हात निब, आणि प्रत्येक व्हिडिओच्या आरंभी ‘पेनदुरुस्तीमध्ये आपले स्वागत’ हे वाक्य. पुढे मी चावीच्या घड्याळांकडे आणि मग जुन्या कुलपांकडे वळलो. पॉडकास्टच्या श्रोत्यांनी त्याबद्दल अवाक्षर काढले नाही. व्हिडिओखाली मात्र ‘पेनांचे काय झाले?’ हा प्रश्न इतका नियमाने येऊ लागला की शेवटी तेथेही ‘हातासरशी’ करावे लागले.

बदलताना काय काय आड येते, ते येथे पाहण्यासारखे आहे. यूट्यूबवर दिसणारे नाव बदलणे सोपे असते, शिवाय एकच नाव अनेक चॅनलांना असू शकते. हँडल मात्र जगात एकालाच मिळते, आणि ते बदलले की जुने हँडल चौदा दिवस आपल्यासाठी राखून ठेवले जाते. त्यानंतर ते दुसरा कुणीही घेऊ शकतो. म्हणजे इतरांनी आपापल्या लेखांत दिलेले जुने दुवे एक तर तुटतात, नाहीतर भलत्याच माणसाकडे जातात. जुन्या व्हिडिओंतला आवाज तर बदलतच नाही. आज नव्या नावाखाली माझे जुने व्हिडिओ लावले की पहिल्याच वाक्यात ‘पेनदुरुस्ती’ ऐकू येते, आणि नवा प्रेक्षक आपण चुकीच्या ठिकाणी आलो की काय, असे विचारतो.

पॉडकास्टचे भाग ॲपपर्यंत पोचवणारी यादी म्हणजे फीड. त्या फीडच्या `<title>` मधले नाव बदलले आणि फीडचा पत्ता तोच ठेवला, तर जुने श्रोते तुटत नाहीत. पण पत्त्यातच विषय गुंफलेला असेल आणि तोही बदलायचा झाला, तर जुन्या पत्त्यावर नव्याकडे कायमचे वळवणारे 301 पुनर्निर्देशन, फीडमध्ये नवा पत्ता सांगणारी खूण `<itunes:new-feed-url>` आणि प्रत्येक भागाची ओळखखूण असलेला `guid` जसाच्या तसा ठेवणे, एवढे सगळे सांभाळावे लागते. `guid` बदलला की ॲपला जुने भाग नवे वाटतात आणि श्रोत्याच्या यादीत तेच भाग पुन्हा येऊन पडतात.

म्हणून नावाचे दोन तुकडे करावेत. पहिला तुकडा कायमचा : हँडल, फीडचा पत्ता, बोधचिन्ह आणि तोंडाने म्हणायचे स्वागत, या चारही जागी फक्त तोच. दुसरा तुकडा विषयाचा, आणि तो केवळ दिसणाऱ्या नावात व वर्णनात. ‘हातासरशी : पेने आणि घड्याळे’ यातले कोलनानंतरचे सगळे मी एका मिनिटात बदलू शकतो. मात्र त्या शेपटीत दहा शब्द कोंबू नयेत. ॲपलसारख्या पॉडकास्टच्या निर्देशिका असली नावे खपवून घेत नाहीत.

कायमचा तुकडा कामाच्या पद्धतीवरून किंवा दृष्टीवरून घ्यावा. पारखायचे असेल तर एकमेकांशी संबंध नसलेल्या चार विषयांवरील भागांची शीर्षके लिहावीत आणि प्रत्येकाआधी ते नाव मोठ्याने म्हणावे. एकाही ठिकाणी अडखळायला झाले तर ते नाव सोडावे. मग फोनवर ते एखाद्याला नुसते ऐकवून रोमन लिपीत टाइप करायला सांगावे. ‘हातासरशी’च्या बाबतीत `hatasarshi` आणि `haatasarashi` अशी दोन्ही रूपे आली, तेव्हा मी त्यातले आखूड रूप हँडलसाठी घेतले आणि दुसरे वर्णनात लिहून ठेवले. ‘गप्पा’, ‘कट्टा’ यांसारखी नावे लवचीक असतात हे खरे, पण तशाच नावांच्या गर्दीत ती कुणाचीच राहत नाहीत.

राहिला मेहुण्यांचा शोधाचा मुद्दा. शोधणारा माणूस चॅनल शोधत नाही, ‘पेनातून शाई गळते, काय करावे’ असे शोधतो, आणि ते शब्द भागाच्या शीर्षकात असले की पुरते. माझ्या पेनांच्या व्हिडिओंना आजही नवे प्रेक्षक त्या शीर्षकांवरूनच येतात, चॅनलच्या नावातून ‘पेन’ गेले तरी. पॉडकास्टच्या ॲपमध्ये कार्यक्रमाच्या नावाला शोधात अधिक वजन असते, एवढे मी त्यांना मान्य करतो; त्यासाठीच ती शेपटी आहे. आणि आपले दुकान किंवा शिकवणी एकाच विषयाची असून चॅनल केवळ तिच्यासाठी असेल, तर विषयाचे नाव खुशाल ठेवावे. स्वतःचे नाव देणेही चालते, मात्र पुढे चॅनल दुसऱ्याच्या हाती सोपवायचा विचार असेल तर ते टाळावे.