शनिवार-रविवारच्या शूटचं शेड्यूल: काकांचे 5 तास आणि रंकाळ्याचा सूर्यास्त

प्रश्न: 8 पानांची शॉर्ट फिल्म आहे, डिसेंबरातला एक शनिवार-रविवार हातात आहे. सीन 9: शिवाजी पेठेतलं घर (1, 3, 4, 6, 9), मिसळीचं दुकान (2, 7), रंकाळा (5, 8). काका 4 आणि 6 मध्ये आहेत, ते फक्त रविवारी 7 ते 12 मोकळे. दुकान दोन्ही दिवशी दुपारी 2 नंतर मिळेल. 8 सूर्यास्ताचा. सीन कसे वाटू?

उत्तर: आधी जे हलवता येत नाही ते कागदावर मांडा. काकांची रविवार सकाळ ठरलेलीच आहे, म्हणजे 4 आणि 6 तिथेच बसले. राहिला सूर्यास्त. तो शनिवारीच ठेवा. ढग आले किंवा उशीर झाला, तर रविवारची संध्याकाळ राखीव राहते. रविवारी ठेवलात तर काहीच उरत नाही. शिवाय रविवारी संध्याकाळी चौपाटीवर गर्दी जास्त असते. महापालिकेची परवानगी मात्र दोन्ही संध्याकाळची मागा.

शनिवारी कॉल 7 चा, पहिला शॉट साडेआठला. घरातले 1, 3, 9 दुपारी दीडपर्यंत संपवा. 3 रात्रीचा असला तरी आतलाच आहे. खिडक्यांना बाहेरून काळं कापड लावलं की सकाळी होतो. 9 शेवटी घ्या, तोवर कलाकार सरावलेले असतात. जेवून अडीचला निघा. रंकाळा जवळ असला तरी सामान बांधणं, पार्किंग, पुन्हा मांडणं यात तास-दीड तास जातो, आणि नवख्या शेड्यूलमध्ये नेमका हाच वेळ धरलेला नसतो. 4 वाजता सीन 5 सुरू करा. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, म्हणून सव्वापाचला 5 अर्धा राहिला तरी थांबवा, 8 ची फ्रेम लावून तालीम करा.

रविवारी काकांचा वेळ सगळ्यात महाग. प्रत्येक सीनचा वाइड आधी, मग लगेच काकांचे क्लोजअप. आईचे आणि मुलाचे क्लोजअप नंतर. काका गेल्यावर त्यांच्या जागी असिस्टंटला बसवून त्याच्याकडून संवाद वाचून घ्या. काकांच्या डोळ्यांच्या उंचीवर स्टँडला टेप लावून ठेवा, नाहीतर नजर चुकते आणि ते एडिटला कळतं. साडेनऊ वाजले आणि 4 मधले काकांचे शॉट झाले असतील, तर उरलेलं सोडून 6 वर जा. 12 नंतर आधी 6 चे राहिलेले क्लोजअप, मग एकदाच कपडे बदलून 4 चे. तरी एकपर्यंत घर सोडायलाच हवं.

दुकान अडीच ते सहा, 2 आणि 7. मालकांना फ्रीज आणि पंखे बंद ठेवायला आदल्या दिवशीच सांगा. सूर्यास्त रविवारवर गेला, तर दुकान साडेचारला आवरावं लागेल. त्यासाठी 7 मधले कोणते शॉट गाळायचे ते शुक्रवारीच ठरवा.

1 आणि 4 गोष्टीत एकाच दिवसाचे असतील, तर शनिवारी 1 संपताच मुलाचे कपडे, केस आणि दाढी यांचे फोटो काढा. त्या रात्री त्याने दाढी केली तर 4 जुळणार नाही.